पासवर्ड मागणारी स्लाइड

*"माझी मुलगी दहावीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचे इन्स्टाग्राम खाते चोरीला गेले. एका ओळखीच्या मुलीच्या खात्यावरून तिला मेसेज आला होता, 'माझे खाते अडकले आहे, तुला एक लिंक येईल, तिचा फक्त स्क्रीनशॉट पाठव.' तिने तो पाठवला. खाते परत मिळवायला गेल्यावर कळले की त्याला जोडलेला ईमेल एका मोबाइल दुकानदाराने काढून दिला होता आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नव्हता. यानंतर शाळेच्या पालक-शिक्षक संघाने मुले आणि पालक यांच्यासाठी खाते-सुरक्षेचे कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत पाहायची चित्रे, करण्याचे काम माझ्याकडे दिले, कारण मी पतसंस्थेत संगणकावर काम करते. प्रत्येक स्लाइडवर एक सवय, अशा दहा स्लाइड मी केल्या. पहिल्या तीन 'अवघड पासवर्ड ठेवा', 'त्यात मोठे अक्षर, आकडा आणि चिन्ह हवे' आणि 'तो दर महिन्याला बदला' अशा आहेत. शेवटची 'मुलांनी आपले सर्व पासवर्ड आईवडिलांना द्यावेत' अशी आहे. इतर पालकांना शेवटची स्लाइड सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलगी म्हणते, ती स्लाइड राहिली तर मी हे एकाही मैत्रिणीला पाठवणार नाही. मी कोणाचे ऐकू?" — एक आई*

नमस्कार.

त्या मैत्रिणीने आपला पासवर्ड कोणालाही सांगितला नव्हता. तो सोपा होता की अवघड, महिन्यापूर्वी बदललेला होता की तीन वर्षांपूर्वीचा, तो तिच्या आईला ठाऊक होता की नव्हता, यांपैकी कशानेही त्या दिवशी काही फरक पडला नसता. पहिल्या तीन स्लाइड आणि शेवटची स्लाइड तिने तंतोतंत पाळली असती, तरीही खाते गेलेच असते. म्हणून शेवटच्या स्लाइडच्या वादाआधी तुमच्या स्लाइडमागचे एक गृहीतक मला तपासावेसे वाटते. खाते चोरणारा माणूस पासवर्ड ओळखून काढतो, असे आपण मनात धरून चालतो. शाळकरी मुलांच्या खात्यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा त्या खटपटीत पडतच नाही. 'पासवर्ड विसरलो' या दारातून तो आत येतो.

त्या दिवशी काय घडले असणार, ते क्रमाने पाहू, कारण कॅरोसेलची मांडणी यातूनच ठरेल. ज्या ओळखीच्या मुलीच्या नावाने मेसेज आला, तिचे खाते चोराने आधीच घेतलेले होते. त्याने इन्स्टाग्रामच्या लॉग-इन पानावर तुमच्या मुलीच्या मैत्रिणीचे वापरकर्तानाव टाइप केले आणि Forgot password? वर बोट ठेवले. वापरकर्तानाव गुप्त नसते, त्यामुळे एवढे कोणीही करू शकतो. मग इन्स्टाग्रामने नियमाप्रमाणे त्या खात्याला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर एक दुवा पाठवला. हा दुवा त्या अडकलेल्या ओळखीच्या मुलीच्या खात्याचा नव्हताच. तो तुमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या स्वतःच्याच खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा होता. स्क्रीनशॉटमध्ये त्या दुव्याचे प्रत्येक अक्षर दिसते. चोराने ते पाहून आपल्या ब्राउझरमध्ये टाइप केले आणि नवा पासवर्ड ठेवण्याचे पान त्याच्यासमोर उघडले. त्यानंतर खात्याला जोडलेला ईमेल आणि क्रमांक बदलणे, हे पाच मिनिटांचे काम असते.

यातली मेख अशी की, 'अनोळखी लिंक उघडू नका' हे वाक्य मुलांनी इतक्या वेळा ऐकलेले आहे की ती खरोखर ते पाळतात. चोर ते जाणून असतो, म्हणून लिंक उघडायला तो सांगतच नाही. फक्त फोटो काढून पाठवायला सांगतो. मुलीच्या मनात 'मी लिंक तर उघडली नाही' अशी खात्री राहते, आणि सावध मूलही फसते. व्हॉट्सॲपवर हाच प्रकार सहा आकड्यांच्या कोडने होतो. 'चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर आला, जरा पाठव' असा मेसेज मावशीच्या किंवा वर्गमित्राच्या नावाने येतो, आणि तो कोड म्हणजे आपलेच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्याची परवानगी असते.

त्यामुळे पहिली स्लाइड पासवर्डची नको, या मेसेजची हवी. तिच्यावर तोच संवाद गप्पांच्या फुग्यांत जसाच्या तसा दाखवा, आणि खाली एवढेच लिहा: 'आपल्या फोनवर आलेला कोड किंवा लिंक आपल्यासाठीच असते. ती वाचून दाखवायची नाही, पुढे पाठवायची नाही, तिचा स्क्रीनशॉटही द्यायचा नाही. मैत्रीण खरोखर अडचणीत असेल तर तिला फोन लावून आवाज ऐकायचा.' यातला 'फोन लावून' हा शब्द काढू नका. त्याच चॅटमध्ये 'तूच आहेस ना?' असे विचारले, तर उत्तरही चोरच देतो.

दुसरी स्लाइड ईमेलची असावी असे माझे ठाम मत आहे. तुमच्या यादीत ईमेल कुठेच नाही. आपल्याकडे मुलांचा पहिला ईमेल कसा तयार होतो, ते आठवून पाहा. अकरावीच्या प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, सायबर कॅफेत रांग असते, आणि काउंटरवरचा मुलगा दोन मिनिटांत जीमेल काढून देतो. पासवर्ड बहुधा नावापुढे @123 असा असतो, आणि तो एखाद्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. ती चिठ्ठी अर्ज भरून झाल्यावर हरवते. नवा फोन घेताना मोबाइलच्या दुकानातही असेच होते. दुकानदार वाईट माणूस असतो असे मला म्हणायचे नाही; त्याला गिऱ्हाइकाची सोय पाहायची असते. पण पुढे त्याच ईमेलवर इन्स्टाग्राम, खेळांची खाती, अभ्यासाची ॲप आणि फोनमधले सगळे फोटो उभे राहतात. ज्याच्या हाती तो ईमेल असेल, तो बाकी प्रत्येक ठिकाणी 'पासवर्ड विसरलो' म्हणू शकतो. आणि जेव्हा तो ईमेल कोणाच्याच हाती नसतो, तेव्हा तुमच्या मुलीच्या मैत्रिणीसारखे होते.

तिच्या बाबतीत हेच निर्णायक ठरले. इन्स्टाग्राम खात्याचा ईमेल कोणी बदलला, की आधीच्या ईमेलवर security@mail.instagram.com या पत्त्यावरून सूचना येते, आणि 'हा बदल मी केलेला नाही' असे सांगून तो मागे घेण्याची सोय त्या सूचनेत असते. त्या संध्याकाळी ती सूचना आली असणार आणि न उघडलेल्या पेटीत पडून राहिली असणार. ती वेळेत सापडली असती, तर प्रकरण बहुधा त्याच दिवशी मिटले असते. (याच पत्त्याची नक्कल करून फसवे ईमेलही येतात, म्हणून ईमेल खरा आहे की नाही ते इन्स्टाग्राम ॲपच्या आत Password and security या भागात, त्यांनी अलीकडे पाठवलेल्या ईमेलच्या यादीत ताडून पाहता येते. आत शिरता येत असेपर्यंतच, अर्थात.) तो ईमेल हाताशी नसेल, तर instagram.com/hacked हे पान उरते. तिथे खात्यावर स्वतःचे फोटो असतील तर चेहऱ्याचा व्हिडिओ मागून ओळख पटवली जाऊ शकते. पण ज्या मुलीच्या खात्यावर फक्त मांजरीचे आणि सूर्यास्ताचे फोटो आहेत, तिला त्या मार्गाचा उपयोग नाही.

या स्लाइडवर मुलांना एक छोटी परीक्षा द्या: 'तुमचे इन्स्टाग्राम कोणत्या ईमेलवर आहे? तो ईमेल आत्ता, या फोनवर उघडून दाखवा.' ज्यांना ते जमणार नाही, त्यांच्यासाठी पुढचे काम स्पष्टच आहे. जुन्या ईमेलचा पासवर्ड क्रमांकावर कोड मागवून बदलावा, आणि तेही होत नसेल तर स्वतःच्या हाताने नवा ईमेल काढून तो खात्याला जोडावा. आणखी एक गोष्ट पालकांनी मुलाशेजारी बसून करावी. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या भागात Recovery phone आणि Recovery email या दोन जागा असतात. तिथे दुकानदाराचा क्रमांक तर राहिलेला नाही ना, हे पाहावे. तो तिथे सापडल्याची उदाहरणे मी स्वतः शिबिरांत पाहिली आहेत.

क्रमांकाचा विषय निघालाच आहे, तर तिसरी स्लाइड त्यालाच द्या, आणि ती पालकांना उद्देशून लिहा. मुलांची खाती बहुतेक घरांत आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावर असतात, आणि पालक तो क्रमांक बदलताना बँक, गॅस, आधार यांचा विचार करतात; मुलीच्या इन्स्टाग्रामचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. बंद पडलेला क्रमांक आपल्या देशात निदान 90 दिवस राखून ठेवला जातो आणि त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. त्या ग्राहकाचा काहीही वाईट हेतू नसला, तरी तुमच्या मुलीच्या खात्याचे कोड त्याच्या फोनवर जात राहतात. म्हणून सिम बंद करण्याच्या आधी, त्या क्रमांकावर घरातली कोणाकोणाची खाती आहेत ते विचारून घ्यावे आणि ती नव्या क्रमांकावर हलवावीत. सिम बंद झाल्यावर ते काम दहापट अवघड होते, कारण क्रमांक बदलण्यासाठीचा कोडही कित्येकदा जुन्याच क्रमांकावर येतो.

आता पासवर्डकडे येऊ. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाइडमागे एक इतिहास आहे. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, हा सल्ला अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या सरकारी संस्थेच्या 2003 सालच्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये एका मुलाखतीत त्यातल्या बऱ्याच भागाचा आपल्याला पस्तावा होतो असे सांगितले, आणि त्याच वर्षी संस्थेनेही आपली भूमिका बदलली. चिन्हांची सक्ती करू नये, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो उगाच बदलायला लावू नये, असे तिचे नवे म्हणणे होते. पतसंस्थेत तुम्हाला अजूनही तो दर काही दिवसांनी बदलावा लागत असेल. तिथला नियम तिथे पाळावाच लागेल, पण तो मुलांच्या माथी मारू नका.

कारण सक्ती झाली की माणूस कसा वागतो, हे आपण स्वतःवरून जाणतो. नाव असते, पहिले अक्षर मोठे होते, मध्ये @ येतो, शेवटी जन्मवर्ष लागते. आणि पुढच्या महिन्यात वर्षाच्या जागी दुसरा आकडा येतो. पासवर्ड फोडण्याच्या प्रोग्रॅमना हीच वळणे सर्वांत आधी शिकवलेली असतात. लोक खरोखर कोणते पासवर्ड ठेवतात, हे त्या प्रोग्रॅमना फुटलेल्या याद्यांवरून कळते. 2009 मध्ये 'रॉकयू' या कंपनीकडून सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड उघड्यावर आले, तेव्हा त्यांत सर्वाधिक वेळा सापडलेला पासवर्ड 123456 हा होता, आणि ती यादी आजही वापरली जाते.

या तीन स्लाइडच्या जागी एकच करा आणि तिच्यावर ही सवय लिहा: 'ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही.' एखाद्या फुटकळ खेळाच्या संकेतस्थळावरून यादी फुटली, की त्यातला ईमेल आणि पासवर्ड यांची जोडी जीमेलवर आपोआप चालवून पाहिली जाते. तिथे वेगळा पासवर्ड असेल तर चोरी खेळापुरतीच राहते. हा एक पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर तो लक्षात राहतो आणि ओळखता येत नाही. मात्र म्हण, श्लोक किंवा गाण्याची ओळ घेऊ नये, कारण ते शब्द एकमेकांना आधीच बांधलेले असतात. स्लाइडवर नमुन्याचा पासवर्ड छापण्याचा मोह टाळा. छापलेला नमुना चाळीस मुले जशीच्या तशी उचलतील, हे मी अनुभवाने सांगते. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरला बनवू द्यावेत आणि लक्षात ठेवू द्यावेत.

अर्थात, फोनने पासवर्ड सांभाळायचे म्हटले की त्या फोनच्या लॉकवर सगळे येते, आणि घरोघरी तिथे जन्मतारीख असते. सहा आकड्यांचे 10 लाख वेगवेगळे पिन होऊ शकतात. पण पिन म्हणजे जन्मतारीखच आहे असे धरले, आणि मूल नववी-दहावीत आहे एवढे ठाऊक असले, तर दोन-तीन वर्षांचे दिवस म्हणजे जेमतेम हजारभर पर्याय उरतात. आणि वर्गातल्या मुलांना तर एकच पर्याय पुरतो, कारण वाढदिवसाचा केक त्यांनीच खाल्लेला असतो. पालकांच्या फोनचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच असण्याचाही प्रकार सर्रास दिसतो. त्याला त्याच स्लाइडवर एक ओळ द्यायला हरकत नाही.

दुहेरी पडताळणीची स्लाइड तुमच्याकडे आहे, ती ठेवा. पण 'दुहेरी पडताळणी सुरू करा' एवढ्या वाक्याने कोणी काही करत नाही. व्हॉट्सॲपसाठी वाट लिहा: Settings, मग Account, मग Two-step verification. तिथे आपणच सहा आकड्यांचा पिन ठरवायचा असतो. एसएमएसने येणारा कोड चुकून कोणाला दिला गेला, तरी हा पिन नसेल तर चोर पुढे जाऊ शकत नाही. त्याच ठिकाणी ईमेल जोडण्याची सोय असते आणि लोक ती पायरी वगळतात. पिन विसरला तर तोच ईमेल उपयोगी पडतो. उलट बाजूही सांगायला हवी. पिन आपण ठेवला नसेल आणि खाते घेतल्यावर चोराने तो ठेवला, तर आपण आपल्या क्रमांकावर पुन्हा नोंदणी करून त्याला लगेच बाहेर काढू शकतो, पण पिनशिवाय स्वतः आत जायला सात दिवस थांबावे लागते. त्या दिवसांत वर्गाच्या गटाला फोनवरून कळवणे, की माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, एवढेच हाती राहते.

इन्स्टाग्रामवर ही सोय Accounts Center मधल्या Password and security या भागात आहे. ती सुरू केली की Backup codes मिळतात, म्हणजे फोन हरवला तर वापरायचे राखीव कोड. मुले त्यांचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवतात. फोन हरवला की तो स्क्रीनशॉटही गेला, हे त्यांना त्या क्षणी सुचत नाही. हे कोड कागदावर उतरवून घ्यायला सांगा. त्या कागदाचे काय करायचे, ते पुढे येतेच.

चालू लॉग-इनची स्लाइड थोडक्यात पुरे. महिन्यातून एकदा व्हॉट्सॲपमध्ये Linked devices आणि इन्स्टाग्राममध्ये Where you're logged in उघडावे, आणि ओळखीचे नसलेले प्रत्येक यंत्र काढून टाकावे. शाळेची संगणक प्रयोगशाळा, मामेभावाचा टॅब, प्रिंट काढायला उघडलेले कॅफेतले व्हॉट्सॲप, असेच काहीबाही बहुतेक वेळा तिथे निघते. 

आता तुमची शेवटची स्लाइड. ती मागणाऱ्या पालकांच्या मनात पासवर्ड नसतोच. मूल कोणाशी बोलते आहे, कोणी त्याला धमकावत तर नाही ना, ही भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. प्रश्न इतकाच आहे, की पासवर्ड हाती आल्याने ती भीती कमी होण्याजोगे काही घडते का.

माझ्या पाहण्यात घडते ते असे. पालक सगळे पासवर्ड एका वहीत लिहीत नाहीत. ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवतात किंवा वहीचा फोटो काढतात, आणि ज्या ठिकाणाहून चोरी होऊ शकते अशी आणखी एक जागा तयार होते. आई अधूनमधून आपल्या फोनवरून मुलीच्या खात्यात शिरते, तेव्हा मुलीला 'नव्या फोनवरून लॉग-इन झाले आहे' अशी सूचना येते. पहिल्यांदा ती दचकते, चौथ्यांदा 'आईच असेल' म्हणून बाजूला सारते. आणि खरा चोर येतो तेव्हा आलेली सूचनाही तशीच बाजूला जाते. धोक्याची एकमेव घंटा आपणच बोथट करून ठेवतो. शिवाय, या वयात पासवर्ड देणे हे जवळिकीचे लक्षण मानले जाते. 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का?' हे वाक्य मुलींना वर्गातूनच ऐकू येते. 'प्रेमाची माणसे पासवर्ड मागतात आणि द्यायचा असतो' हा धडा आपणच घरात दिला, तर तिने त्या मुलाला नाही कसे म्हणावे? आणि जिला काही लपवायचेच असेल ती दुसरे खाते उघडते, जे तुमच्या वहीत नसते.

म्हणून तुमच्या मुलीचे म्हणणे मी मान्य करीन, पण स्लाइड रद्द करायला सांगणार नाही. तिच्या जागी अशी लिहा: 'ईमेलचा पासवर्ड आणि राखीव कोड कागदावर लिहून बंद पाकिटात घरच्या कपाटात ठेवा. पाकिटावर स्वतःची सही करा. ते कधी उघडायचे, हे आईवडिलांनी आणि मुलांनी आधीच ठरवा.' फोन हरवला, खाते चोरीला गेले, मूल आजारी पडून दवाखान्यात आहे, असे दोन-तीन प्रसंग पुरेत. पाकीट फोडले तर कळते, आणि दोन्ही बाजूंना त्याची जाणीव असते. तुम्ही पतसंस्थेत आहात. लॉकरच्या दोन किल्ल्यांची पद्धत तुम्हाला मी समजावून सांगायला नको.

ज्या पालकांना मुलांच्या वावराकडे लक्ष ठेवायचेच आहे, त्यांना पासवर्डशिवायही मार्ग आहे. इन्स्टाग्रामची किशोरवयीनांसाठीची खाती भारतात फेब्रुवारी 2025 पासून आली आहेत. त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना सुरक्षेचे निर्बंध सैल करण्यासाठी पालकांची परवानगी लागते, आणि पालकांनी आपले खाते देखरेखीसाठी जोडले तर गेल्या सात दिवसांत मुलाने कोणाला मेसेज केले ते दिसते, मजकूर मात्र दिसत नाही. ही सोय मुलाने खाते उघडताना खरे वय सांगितले असेल तरच नीट चालते. तुमच्या वर्गातल्या किती मुलांनी स्वतःला एकवीस वर्षांचे करून ठेवले आहे, ते एकदा हसतखेळत विचारून पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे; तिथे खाते पालकांचेच असावे आणि मुलाने ते वापरावे. पण व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींचे किमान वय तेरा आहे आणि तुमचे वाचक दहावीतले आहेत.

आणि कोणी खरोखर धमकावत असेल, फोटो मागत असेल, तर पासवर्डची वाट पाहू नये. मुलाशेजारी बसून तो संवाद पाहावा, काहीही पुसू नये, नावे आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि cybercrime.gov.in वर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. हे घडण्यासाठी मुलाने पहिल्या तासात घरी सांगितले पाहिजे. त्या मैत्रिणीने किती वेळाने सांगितले, ते तुम्ही लिहिलेले नाही, विचारून पाहा. बहुधा रात्र गेली असेल, कारण 'फोन काढून घेतील' ही भीती चोराच्या भीतीहून मोठी असते. म्हणून पालकांसाठीची सवय, जी एका स्लाइडवर ठळक अक्षरांत जायला हवी, ती अशी: 'मुलाने खाते गेल्याचे सांगितले, तर त्या दिवशी फोन काढून घ्यायचा नाही आणि ओरडायचेही नाही. आधी दोघांनी मिळून ईमेल उघडायचा.' इतर पालक या स्लाइडला विरोध करतील. तुम्ही ठाम राहा.

म्हणजे कोड आणि लिंक, ईमेल, क्रमांक, ईमेलचा वेगळा पासवर्ड, दुहेरी पडताळणी, चालू लॉग-इन, पाकीट आणि पालकांचा पहिला तास, अशा आठ स्लाइड झाल्या. इन्स्टाग्राम आता वीस स्लाइड स्वीकारते, पण म्हणून त्या भरू नका. तुमचे कॅरोसेल खरे फिरणार आहे ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत, आणि तिथे त्याची सुटी चित्रे होतात; कोणी तिसरे पुढे पाठवते, कोणी सहावे. त्यामुळे 'मागील स्लाइडमध्ये पाहिल्याप्रमाणे' असे कुठेही लिहू नका, आणि प्रत्येक चित्रावर शाळेचे नाव व तारीख टाका, कारण सेटिंगच्या वाटा बदलत असतात. मेन्यूतली नावे पडद्यावर दिसतात तशीच, इंग्रजीतच छापा. त्यांचे भाषांतर केले तर फोनमध्ये ती सापडणार नाहीत. आणि कुठल्याही स्लाइडवर लिंक किंवा क्यूआर कोड देऊ नका. ज्यांना आपण आलेल्या लिंकपासून सावध राहायला सांगतो आहोत, त्यांना आपलीच लिंक उघडायला लावणे बरे नाही, आणि तुमच्या चित्रावर स्वतःचा क्यूआर कोड चिकटवून ते पुढे पाठवणे कोणालाही सहज जमते.

गटात टाकण्याआधी एक करा. ईमेलची स्लाइड तेवढी एकटी, काही न सांगता, तुमच्या यजमानांना किंवा दिरांना पाठवा आणि घड्याळ लावून बसा. दोन मिनिटांत त्यांना आपला Recovery phone कोणता आहे ते सांगता आले, तर स्लाइड नीट झाली आहे. नाही आले, तर ती पुन्हा लिहा. आणि या वेळी लेखणी मुलीच्या हातात द्या.